चार A, पण पहिली जागा एकच: पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं आणि ठरलेल्या जागा

*प्रश्न: MAHARASHTRA या शब्दातल्या अक्षरांच्या एकूण मांडण्या ४१५८०० येतात, इथपर्यंत मला जमतं. पण ‘A ने सुरू होणाऱ्या किती’, ‘सुरुवातीला किंवा शेवटी A’, ‘सगळे स्वर सम जागांवर’ असं काही विचारलं की गोंधळ होतो. A चार आहेत, त्यातला कुठलाही पहिल्या जागेवर ठेवता येतो, म्हणून मी ४ ने गुणतो. ते चूक का? छेदात ४! कधी आणि ३! कधी? आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे परीक्षेत कसं ओळखायचं?*

४ ने गुणणं मुळात चूक नाही. ४ ने गुणायचं आणि वर छेदात ३! लिहायचं, ही चूक. यातलं एकच करायचं असतं. का, ते आधी पाहू, कारण तुमचे पुढचे सगळे प्रश्न याच एका गाठीतून सुटतात.

शब्दात ११ अक्षरं आहेत. A चार वेळा, H दोनदा, R दोनदा, आणि M, S, T एकेकदा. आता असं समजा की चार A चार वेगळ्या रंगांच्या पेनांनी लिहिले आहेत, H आणि R च्या जोड्याही तशाच दोन-दोन रंगांत. मग अकराही अक्षरं वेगळी झाली आणि त्यांच्या मांडण्या ११! झाल्या. पण वाचणाऱ्याला रंग दिसत नाहीत, त्याला फक्त अक्षर दिसतं. त्यामुळे त्याला दिसणारी प्रत्येक मांडणी आपण ४! × २! × २! म्हणजे ९६ वेळा मोजली आहे. म्हणून

११! ÷ (४! × २! × २!) = ३९९१६८०० ÷ ९६ = ४१५८००

छेद म्हणजे एवढंच: रंग वेगळे धरल्यामुळे एकच मांडणी किती वेळा मोजली गेली, त्याचा हिशेब.

आता पहिल्या जागी A हवा. हे दोन प्रकारे करता येतं. एक, रंग ठेवून. पहिल्या जागी चार रंगांपैकी कुठलाही A, म्हणजे ४ प्रकार. उरलेल्या १० अक्षरांचे १०! प्रकार. शेवटी रंग पुसायचे, आणि रंग पुसायचे म्हणजे चारही A चे पुसायचे, पहिल्या जागेवर बसलेल्याचासुद्धा. म्हणून छेदात ४! च राहतो:

४ × १०! ÷ (४! × २! × २!) = १५१२००

दोन, रंग न ठेवता. सगळे A सारखेच, मग ‘कुठला A’ हा प्रश्नच उरत नाही. पहिल्या जागी A ठेवला, तो एकाच प्रकारे. हातात उरली १० अक्षरं, आणि त्यांत A आता तीनच:

१०! ÷ (३! × २! × २!) = १५१२००

दोन्ही उत्तरं सारखी आली, कारण ४ ÷ ४! म्हणजेच १ ÷ ३!. तुमचं ४ ने गुणणं पहिल्या पद्धतीतलं आहे आणि ३! दुसऱ्या पद्धतीतलं. दोन्ही एकत्र आले की उत्तर होतं ६०४८००, आणि ते तर एकूण मांडण्यांपेक्षाही जास्त! ही चूक झाली तर निदान लगेच दिसते. एका अटीखालच्या मांडण्या एकूण मांडण्यांपेक्षा जास्त असूच शकत नाहीत.

माझा सल्ला, दुसरी पद्धत धरा आणि तिलाच चिकटून राहा. ठरलेल्या जागा आधी भरायच्या, हातात काय उरलं ते कागदाच्या कडेला नव्याने लिहायचं, आणि छेद फक्त त्या उरलेल्या अक्षरांवरून काढायचा. ‘नव्याने लिहायचं’ यावर मी वर्गात फार अडून बसतो. मुलं मूळ शब्दाचा छेद डोळ्यांसमोर ठेवून अंश तेवढा बदलतात. ११! चं १०! करतात आणि खालचा ४! तसाच राहू देतात. मग येतं

१०! ÷ (४! × २! × २!) = ३७८००

आणि ही चूक वरच्यापेक्षा जास्त धोक्याची. उत्तर पूर्णांक आहे, एकूण मांडण्यांपेक्षा लहान आहे, दिसायलाही ठीकठाक आहे. पर्यायी उत्तरांचा प्रश्न काढणारा हा आकडा पर्यायांत हमखास ठेवतो. मजा अशी की ३७८०० हे एका खऱ्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे, फक्त तो प्रश्न ‘M ने सुरू होणाऱ्या किती’ हा आहे. M एकदाच येतो, तो पहिल्या जागी गेला की चारही A हातात शिल्लक राहतात, म्हणून तिथे ४! योग्य.

हीच गोष्ट लहान शब्दावर हाताने करून बघा. ‘कटकट’ घ्या. क दोन, ट दोन. मांडण्या ४! ÷ (२! × २!) = ६, आणि त्या सहाच्या सहा लिहून काढता येतात: ककटट, कटकट, कटटक, टककट, टकटक, टटकक. यातल्या क ने सुरू होणाऱ्या तीन. सूत्राने बघा, क पहिल्या जागी गेला, उरले एक क आणि दोन ट, म्हणून ३! ÷ २! = ३. जुना छेद तसाच ठेवला तर ३! ÷ (२! × २!) = दीड. दीड मांडणी म्हणजे काय? लहान शब्दात चूक अशी अपूर्णांकातून उघडी पडते. MAHARASHTRA सारख्या मोठ्या शब्दात अंशाला भाग जायला इतके अवयव असतात की चुकीचा छेदसुद्धा पूर्ण भाग देऊन जातो. म्हणून ‘उत्तर पूर्णांक आलं, म्हणजे बरोबर’ हा आधार धरू नका. अपूर्णांक आला तर चूक नक्की, पूर्णांक आला तर काहीच सिद्ध होत नाही.

मग तपासायचं कसं? मी वापरतो तो ताळा असा. ११ अक्षरांपैकी कुठलंही अक्षर पहिल्या जागी येण्याची संधी सारखीच आहे. त्यांतले ४ A आहेत. म्हणजे एकूण मांडण्यांपैकी ४/११ भाग A ने सुरू होणार. ४१५८०० ला ११ ने भागलं की ३७८००, त्याला ४ ने गुणलं की १५१२००. जुळलं. H साठी २/११, म्हणजे ७५६००. R साठीही तेवढंच. M, S, T प्रत्येकी ३७८००. सगळ्यांची बेरीज करा:

१५१२०० + ७५६०० + ७५६०० + ३७८०० + ३७८०० + ३७८०० = ४१५८००

प्रत्येक मांडणी कुठल्या ना कुठल्या अक्षराने सुरू होतेच, म्हणून बेरीज एकूण संख्येएवढी यायलाच हवी. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि फॅक्टोरियलला हातही लावावा लागत नाही. शिवाय जागा पहिलीच असली पाहिजे असंही नाही. पाचव्या जागी A हवा असला तरी उत्तर १५१२०० च. बऱ्याच मुलांना हे पटत नाही, त्यांना वाटतं मधल्या जागेचं काहीतरी वेगळं असेल. नसतं.

दोन जागा ठरल्या तरी ताळा तसाच चालतो, फक्त दुसऱ्या जागेसाठी एक अक्षर कमी झालेलं असतं. सुरुवातीला M आणि शेवटी A असेल तर १/११ × ४/१०. दोन्ही टोकांना A असेल तर ४/११ × ३/१०. ४१५८०० ला ११० ने भागलं की ३७८० येतात. तो आकडा बाजूला लिहून ठेवला की पुढचे गुणाकार तोंडी होतात. M…A चं उत्तर ३७८० × ४ = १५१२०. छेदाच्या पद्धतीने बघा, उरलेली ९ अक्षरं म्हणजे A तीन, H दोन, R दोन, S, T, आणि ९! ÷ (३! × २! × २!) = १५१२०. जुळलं.

आता तुमचा ‘सुरुवातीला किंवा शेवटी A’. गणितातला ‘किंवा’ दोन्हीकडे A असलेल्या मांडण्याही सामावून घेतो. सुरुवातीला A असलेल्या १५१२००, शेवटी A असलेल्याही १५१२००. पण दोन्हीकडे A असलेल्या मांडण्या या दोन्ही गठ्ठ्यांत आल्या, म्हणजे दोनदा मोजल्या गेल्या. त्या एकदा वजा करायच्या. दोन्ही टोकांना A गेले की उरतात A दोन, H दोन, R दोन, M, S, T:

९! ÷ (२! × २! × २!) = ४५३६०

म्हणून उत्तर १५१२०० + १५१२०० − ४५३६० = २५७०४०. पडताळा उलट बाजूने घ्या. दोन्ही टोकांना A नाहीच, म्हणजे सात व्यंजनांपैकी एक इकडे आणि उरलेल्या सहापैकी एक तिकडे: ३७८० × ७ × ६ = १५८७६०. एकूण ४१५८०० मधून हे वजा केलं की २५७०४० च येतात. प्रश्नात ‘फक्त एकाच टोकाला’ असं म्हटलं असेल, तर ४५३६० आणखी एकदा वजा करायचे, उत्तर २११६८०. वाक्यातला ‘फक्त’ डोळ्यांखालून निसटतो आणि बरोबर गणिताचे गुण जातात.

याचाच एक भाऊबंद: ‘दोन्ही टोकांना सारखंच अक्षर’. इथे एका सूत्रात काम होत नाही, कारण टोकांना कुठलं अक्षर गेलं त्यावर उरलेला छेद बदलतो. A…A चे ४५३६०. H…H केलं तर हातात चार A आणि दोन R राहतात, म्हणून ९! ÷ (४! × २!) = ७५६०. R…R चेही ७५६०. एकूण ६०४८०. M, S, T एकेकदाच येतात, त्यांचा प्रश्न नाही. ठरलेल्या जागेवर वेगवेगळ्या प्रकारची अक्षरं बसू शकत असतील तर प्रत्येक अक्षराचा हिशेब वेगळा करायचा आणि मग बेरीज घ्यायची, हे इथून लक्षात ठेवा.

‘सगळे स्वर सम जागांवर’ यात जागा एकेक न ठरता गटाने ठरतात. ११ जागांपैकी सम जागा पाच: २, ४, ६, ८, १०. स्वर चार, आणि चारही A. पाचपैकी कुठल्या चार जागा भरायच्या एवढंच ठरवायचं आहे, कारण एकदा जागा निवडल्या की सारख्या A ची आपसात अदलाबदल केली तरी काही नवीन दिसत नाही. म्हणजे ५ प्रकार. रिकामी राहिलेली एक सम जागा आणि सहा विषम जागा मिळून सात, त्यांत सात व्यंजनं: ७! ÷ (२! × २!) = १२६०. उत्तर ५ × १२६० = ६३००.

इथे नेहमीची चूक म्हणजे पाच जागांवर चार स्वर मांडायचे म्हणून ५ × ४ × ३ × २ = १२० घेणं. ते चार A ना पुन्हा चार रंग देणं झालं. आणि गंमत बघा, १२० × १२६० = १५१२००, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर! हा निव्वळ योगायोग आहे, पण वहीत ओळखीचा आकडा दिसला की मुलं खूश होऊन पुढे जातात. ताळा इथेही आहे. चार A पाच सम जागांवरच पडण्याचा भाग (५ × ४ × ३ × २) ÷ (११ × १० × ९ × ८) म्हणजे १/६६, आणि ४१५८०० ÷ ६६ = ६३००. लक्ष द्या, तोच १२० इथे चालतो, कारण खालचे ११ × १० × ९ × ८ सुद्धा रंग धरूनच घेतले आहेत. रंग धरायचे तर वर-खाली दोन्हीकडे धरायचे, पुसायचे तर दोन्हीकडे पुसायचे.

MAHARASHTRA मध्ये सगळे स्वर एकसारखे असल्याने एक गोष्ट लपून राहते, म्हणून आता RATNAGIRI घेऊ. R दोन, A दोन, I दोन, T, N, G एकेक. एकूण मांडण्या ९! ÷ (२! × २! × २!) = ४५३६०. स्वर चार: A, A, I, I. मूळ शब्दात ते २, ५, ७, ९ या जागांवर आहेत. आता पुढची तीन वाक्यं नीट वाचा. परीक्षेत ती एकमेकांशेजारी आली तर निम्मा वर्ग तिन्हींना एकच उत्तर देईल.

‘स्वर जागचे हलवायचे नाहीत.’ म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या जागी A, सातव्या आणि नवव्या जागी I, हे पक्कं. फक्त R, T, N, G, R या पाच व्यंजनांची हालचाल: ५! ÷ २! = ६०.

‘स्वरांच्या जागी स्वरच यावेत.’ म्हणजे २, ५, ७, ९ या जागा स्वरांच्या, पण त्यांत कुठला स्वर कुठे हे मोकळं. चार जागांवर A, A, I, I चे ४! ÷ (२! × २!) = ६ प्रकार, आणि प्रत्येकासोबत व्यंजनांचे ६०. उत्तर ३६०. इथे एकच मोठा छेद करायचा नाही. स्वरांचा छेद स्वरांखाली, व्यंजनांचा व्यंजनांखाली, आणि मग गुणाकार. R ची पुनरावृत्ती स्वरांच्या हिशेबात येतच नाही.

‘स्वरांचा आपसातला क्रम बदलू नये.’ इथे जागा ठरलेली नाही, ठरलेला आहे तो फक्त क्रम. डावीकडून वाचत गेलं की आधी दोन्ही A आणि मग दोन्ही I भेटले पाहिजेत, मध्ये कितीही व्यंजनं आली तरी चालेल. स्वरांसाठी नऊपैकी कुठल्याही चार जागा निवडा, त्याचे १२६ प्रकार. जागा निवडल्या की कुठे A आणि कुठे I हे आपोआप ठरतं. उरलेल्या पाच जागांवर व्यंजनांचे ६०. उत्तर १२६ × ६० = ७५६०. याला जवळचा रस्ताही आहे. सर्व ४५३६० मांडण्यांत स्वरांचे सहा क्रम सारख्या प्रमाणात येतात, आपल्याला त्यांतला एकच हवा, म्हणून ४५३६० ÷ ६ = ७५६०. बरेच जण इथे ६ ऐवजी ४! म्हणजे २४ ने भागतात आणि १८९० आणतात. चार वेगळे स्वर असते तर २४ क्रम झाले असते. A, A, I, I चे क्रम सहाच.

आकडे बघा, ६०, ३६०, ७५६०. शब्द तोच, चार स्वर तेच, आणि मर्यादा काय आहे एवढ्यावर उत्तर सव्वाशे पटींनी बदललं. वर सांगितलेला भागाचा ताळा तुम्ही लावलेला अर्थ बरोबर मोजला गेला की नाही एवढंच सांगतो. अर्थच चुकीचा लावला असेल तर ताळा जुळेल आणि उत्तर चुकेल. म्हणून ‘जागा’ हा शब्द आहे की ‘क्रम’, आणि जागा असेल तर ती एकेका अक्षराची की गटाची, हे पेन टेकवण्यापूर्वी ठरवा. ‘दोन A शेजारी येऊ नयेत’ या जातीच्या प्रश्नांना तर यातलं काहीच थेट लागू होत नाही, कारण तिथे जागा ठरलेल्याच नसतात. तिथे आधी बाकीची अक्षरं मांडून मधल्या फटींत A बसवावे लागतात.

शेवटची एक बारीक गोष्ट. या ६० मध्ये, ३६० मध्ये आणि ७५६० मध्येही RATNAGIRI हा मूळ शब्द स्वतः मोजलेला आहे. ‘किती मांडण्या होतील’ असं विचारलं तर तो धरायचा. ‘दिलेल्या शब्दाव्यतिरिक्त आणखी किती’ असं असेल तर एक वजा करायचा: ५९, ३५९, ७५५९.